वैकल्पिक विषय : रकाना भरण्याआधी

अंबरनाथला शिवमंदिरापासून चालत दहा मिनिटांवर एक अभ्यासिका आहे. पत्र्याचं छत, दोन पंखे, बारा खुर्च्या. कंपनीला सुट्टी असली की रविवारी मी तिथे जाऊन बसतो. मुलं गणिताची उदाहरणं घेऊन येतात, इंग्रजीचे उतारे घेऊन येतात, आणि परीक्षांचे अर्ज घेऊन येतात. गणित आणि इंग्रजीत चूक झाली तर पुढच्या रविवारी सुधारता येते. अर्जातल्या चुकीचं तसं नसतं, आणि त्यातली सगळ्यात महागडी चूक एका रकान्यात होते. त्या रकान्याचं नाव 'वैकल्पिक विषय'.

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगा आला. घर उल्हासनगरला, वडील जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर, स्वतः इतिहास घेऊन बी.ए. झालेला. केंद्रीय नागरी सेवेची पूर्वपरीक्षा पहिल्याच प्रयत्नात पास. आमच्या अभ्यासिकेतून पूर्व पास होणारा तो पहिलाच, त्यामुळे त्याच्या अम्मीने मिठाई पाठवली होती. हा मात्र कोपऱ्यात गप्प बसून होता. मी विचारलं, काय झालं. म्हणाला, "भाई, ऑप्शनल भूगोल टाकलाय. आता पुस्तक उघडलं तर काहीच डोक्यात शिरत नाही. इतिहास करता येईल का बदलून?"

मी विचारलं, मुख्य परीक्षेचा अर्ज भरून झाला का. झाला होता. शेवटची तारीख २५ जून होती, त्याने २० तारखेलाच सबमिट केला होता. मग उत्तर एकच होतं: नाही. त्याने अर्जाची प्रिंट काढून आणली होती. त्यावर भूगोल छापलेला होता आणि खाली त्याने स्वतः मान्य केलं होतं की भरलेली माहिती अंतिम आहे.

भूगोल कुठून आला, हे त्याला मी खोदून विचारलं. फेब्रुवारीत पहिला अर्ज त्याने एका सायबर कॅफेत भरला होता. विषयाच्या यादीपाशी आल्यावर तो थांबला. कॅफेवाला म्हणाला, "सगळे भूगोल टाकतात, स्कोअरिंग आहे, तू पण टाक, नंतर बदलता येतं." मागे चार जण रांगेत होते. याने मान डोलावली. मग मेपर्यंत पूर्वपरीक्षेचा अभ्यास, विषयाचं नावही काढलं नाही. जूनमध्ये निकाल लागला, मुख्य परीक्षेचा अर्ज उघडला, तेव्हा फेब्रुवारीत भूगोल टाकलाय म्हणून पुन्हा भूगोलच टाकला. म्हणजे त्याला विषय निवडायची संधी दोनदा मिळाली आणि त्याने एकदाही निवडला नाही.

हा प्रश्न आता फक्त दिल्लीच्या परीक्षेपुरता राहिलेला नाही. आपल्या राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून बहुपर्यायी होती, वैकल्पिक विषय नव्हता. लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये वर्णनात्मक पद्धत आणायचं ठरवलं. ती २०२३ पासूनच लागू होणार होती, पण पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती २०२५ पर्यंत पुढे गेली. आता ती लागू झाली आहे. राज्यसेवेची वर्षानुवर्षं तयारी करणाऱ्या ज्या मुलामुलींना वैकल्पिक विषय हा शब्दच कधी लागला नव्हता, त्यांच्यासमोर आता तो रकाना आला आहे. त्यांच्या वरच्या बॅचकडेही अनुभव नाही. म्हणजे विचारायचं कुणाला? तर परत कॅफेवाल्याला.

आधी या रकान्याचं वजन बघू. केंद्रीय आणि राज्य, दोन्ही मुख्य परीक्षांत गुणवत्तेसाठी धरले जाणारे लेखी गुण १७५० आहेत. निबंध २५०, सामान्य अध्ययनाचे चार पेपर प्रत्येकी २५०, आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन पेपर मिळून ५००. मुलाखत २७५ ची. भाषांचे दोन पेपर ३०० गुणांचे, पण ते फक्त पात्रतेसाठी, २५ टक्के मिळवले की पुरे. म्हणजे लेखी गुणांतला जवळजवळ २९ टक्के भाग एका ड्रॉपडाउनमधून ठरतो. शिवाय सामान्य अध्ययनाचे पेपर सगळ्यांना सारखेच असतात. वैकल्पिकमध्ये मात्र शेजारच्या बाकावरचा स्थापत्य अभियांत्रिकी लिहीत असतो आणि तुम्ही समाजशास्त्र.

आता बदलाचा प्रश्न. मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून मला तो असा दिसतो: तुमचा विषय ही तुमच्या नोंदीतली एक माहिती आहे, आणि तिच्यावरून पुढे बऱ्याच गोष्टी तयार होतात. प्रवेशपत्रावर विषय छापला जातो. कुठल्या केंद्रावर कुठल्या विषयाचे किती जण, याची यादी तयार होते. त्या यादीवरून प्रश्नपत्रिकांची पाकिटं मोजून बंद होतात. हजेरीपत्रक तयार होतं. विषयाप्रमाणे परीक्षक नेमले जातात. यातली पहिली गोष्ट तयार होईपर्यंत विषय बदलणं म्हणजे एक अक्षर खोडून दुसरं लिहिणं. पाकिटं बंद झाल्यावर विषय बदलणं म्हणजे सगळी साखळी परत फिरवणं. म्हणून बदल कधी शक्य आहे याचं उत्तर नेहमी एकाच गोष्टीवर असतं: तुमच्या नोंदीवरून पुढची यादी निघाली का?

व्यवहारात चार टप्पे लक्षात ठेवा. पहिला, अर्ज अर्धवट भरलेला आहे, सबमिट केलेला नाही. तोपर्यंत रकाना तुमचा, हवा तितक्यांदा बदला. दुसरा, सबमिट झाल्यावरची दुरुस्तीची खिडकी. नागरी सेवा २०२५ च्या जाहिरातीत अर्जाची मुदत संपल्यावर अशी सात दिवसांची खिडकी होती. ती प्रत्येक परीक्षेत असतेच असं नाही, आणि असली तरी प्रत्येक रकाना उघडा असतोच असं नाही. कुठले रकाने दुरुस्त करता येतील, ते जाहिरातीत लिहिलेलं असतं. तिसरा टप्पा पूर्वपरीक्षा पास झाल्यानंतरचा मुख्य परीक्षेचा सविस्तर अर्ज. तो सबमिट झाला की चौथा टप्पा लागतो, आणि चौथ्या टप्प्यात काही नाही. ईमेल नाही, विनंती अर्ज नाही, ओळख नाही. परीक्षेच्या दिवशी प्रवेशपत्रावर जो विषय, तोच पेपर हातात येतो.

विषय पहिल्या अर्जात विचारतात की मुख्यच्या अर्जात, आणि दोन्हीकडे विचारला तर कुठला पक्का धरतात, हे परीक्षेप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं. म्हणून 'नंतर बदलता येतं' हे वाक्य कुणाच्या तोंडून ऐकलं तर त्याला विचारा, कुठल्या वर्षीच्या जाहिरातीत, कितव्या परिच्छेदात. जाहिरातीची फाइल मोबाईलवर उघडा आणि त्यात 'वैकल्पिक' हा शब्द शोधा. शब्द जितक्या ठिकाणी सापडेल तितकी सगळी वाक्यं वाचा. 'बदल' हा शब्दही शोधा. दहा मिनिटांचं काम आहे. तोपर्यंत हिशेब एकच धरा: पहिल्या अर्जात टाकतोय तोच विषय शेवटपर्यंत राहणार. पुढे बदलता आला तर तो बोनस.

नियम एका वर्षातच काय, तीन आठवड्यांतही बदलू शकतो, याचं उदाहरण आपल्याच काळातलं आहे. २०१२ पर्यंत केंद्रीय मुख्य परीक्षेत एक नाही, दोन वैकल्पिक विषय होते. मार्च २०१३ च्या सुरुवातीला नवी अधिसूचना आली, विषय एकच राहिला, आणि त्यासोबत अट आली की एखाद्या भाषेचं साहित्य वैकल्पिक म्हणून घ्यायचं तर पदवीला ते साहित्यच मुख्य विषय असलं पाहिजे. मराठी साहित्य घेऊन परीक्षा देणाऱ्या शेकडो मुलांचा विषय एका रात्रीत गेला. ते वर्षभर त्याच विषयाचा अभ्यास करत होते. संसदेत गोंधळ झाला, महाराष्ट्रातून आवाज उठला, आणि मार्च संपायच्या आत सुधारित अधिसूचना काढून ती अट मागे घ्यावी लागली. तेव्हापासून पदवी कुठलीही असो, यादीतला कुठलाही विषय घेता येतो.

ही मोकळीक लोक किती वापरतात बघा. २००९ च्या परीक्षेत देशात पहिला आलेला शाह फैसल एमबीबीएस डॉक्टर होता. त्याचे दोन वैकल्पिक विषय लोकप्रशासन आणि उर्दू साहित्य होते. वैद्यकशास्त्र यादीत होतं, त्याने ते घेतलं नाही. २०१५ च्या परीक्षेत दुसरा आलेला अथर आमिर खान आयआयटी मंडीचा विद्युत अभियंता, विषय तत्त्वज्ञान. पण या दोघांची नावं ऐकून लगेच उर्दू साहित्य किंवा तत्त्वज्ञान टाकू नका, ती परत कॅफेवाल्याचीच पद्धत झाली. पदवीच्या बाहेर जाता येतं, एवढंच यातून कळतं. तुम्ही कुठे जायचं ते यातून कळत नाही.

'स्कोअरिंग' या शब्दाचं काय करायचं? विषय वेगवेगळे आणि परीक्षक वेगवेगळे असले की गुणांची तुलना कशी करायची, हा प्रश्न खरा आहे आणि कोर्टातही गेला आहे. २००७ मध्ये संजय सिंह विरुद्ध उत्तर प्रदेश लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. सगळ्यांचा पेपर एकच आणि तपासणारे अनेक, तर कडक आणि सैल तपासणी एका रेषेत आणायची, त्याला मॉडरेशन म्हणतात. उमेदवारांचे विषयच वेगवेगळे, तर गुण एका समान पट्टीवर आणायचे, ते स्केलिंग. म्हणजे सोप्या विषयाचा फायदा आणि अवघड विषयाचा तोटा कमी करण्याची व्यवस्था असते. ती व्यवस्था आत नक्की कशी चालते, ते उमेदवाराला दिसत नाही. २०१८ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोग विरुद्ध अंगेश कुमार या खटल्यात कच्चे गुण उघड करायची मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. त्यामुळे कुणी छातीठोकपणे अमुक विषय स्कोअरिंग म्हणत असेल, तर त्याने पास झालेल्यांच्या याद्या पाहिलेल्या असतात, तपासणीचं टेबल पाहिलेलं नसतं. एखाद्या विषयातून खूप जण पास होतात, कारण खूप जण तो विषय घेतात.

मग ठरवायचं कशावरून? मी मुलांना एकच काम सांगतो, आणि ते अर्ज भरण्याच्या आधी सांगतो. ज्या दोन विषयांत मन अडकलंय, त्या दोन्हींच्या मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका काढा. आयोगाच्या संकेतस्थळावर त्या फुकट मिळतात. केंद्रीय परीक्षेत वैकल्पिकच्या प्रत्येक पेपरला तीन तास आणि आठ प्रश्न असतात, दोन भागांत वाटलेले. पाच सोडवायचे. पहिला आणि पाचवा प्रश्न सक्तीचा, आणि त्या दोन्हींत छोटे छोटे उपप्रश्न असतात, अभ्यासक्रमाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतून उचललेले. तुम्ही फक्त हे दोन सक्तीचे प्रश्न वाचा. प्रत्येक उपप्रश्नापुढे खूण करा: यातलं मला काही माहीत आहे, किंवा माहीत नाही पण वाचावंसं वाटतंय, किंवा प्रश्न काय विचारतोय हेच कळत नाही. ज्या विषयात तिसरी खूण अर्ध्याहून जास्त आहे, तो सोडा. दोन विषयांचे मिळून चार पेपर, एक दुपार.

त्या मुलाकडून मी जुलैत हे करून घेतलं, उशीर झाला होता तरी. भूगोलाच्या पहिल्या पेपरात भूरूपशास्त्र, हवामानशास्त्र, सागरविज्ञान आणि पुढे मानवी भूगोलातली प्रारूपं आणि सिद्धांत. बहुतेक उपप्रश्नांपुढे तिसरी खूण. मग इतिहासाचा पहिला पेपर त्याच्यासमोर ठेवला. तिथला पहिला प्रश्न नकाशाचा असतो, वीस ठिकाणं ओळखायची आणि प्रत्येकावर दोन-तीन ओळी लिहायच्या, एकूण ५० गुण. वीसपैकी अकरा त्याने तिथल्या तिथे ओळखली, काहीही न वाचता. हे फेब्रुवारीत केलं असतं, तर बाकी काही सांगायची गरजच नव्हती.

दिवसांचा हिशेबही त्याच्यासोबत मांडला. २०२५ ची पूर्वपरीक्षा २५ मेला झाली, निकाल ११ जूनला आला, मुख्य परीक्षा २२ ऑगस्टला निबंधाने सुरू होणार होती आणि वैकल्पिकचे दोन्ही पेपर शेवटच्या दिवशी, ३१ ऑगस्टला, एक सकाळी आणि एक दुपारी. जाहिरात आली होती २२ जानेवारीला. जाहिरातीपासून वैकल्पिकच्या पेपरपर्यंत २२१ दिवस. पूर्वपरीक्षेपासून ९८. निकालापासून ८१. आणि तो माझ्यासमोर बसला होता तेव्हा उरलेले साठच्या आसपास. त्यातच निबंध, त्यातच सामान्य अध्ययनाचे चार पेपर, त्यातच भाषा. निकालानंतर विषय शिकायला सुरुवात करणाऱ्याच्या हातात पाऊण वर्ष नसतं, अडीच महिने असतात आणि त्यातलेही अर्धेच वैकल्पिकला मिळतात. म्हणजे विषय निवडायची खरी तारीख अर्जाच्याही आधीची असते. वैकल्पिकचा मोठा भाग पूर्वपरीक्षेच्या तयारीला लागण्याआधीच एकदा वाचून झालेला हवा.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. ती उर्दू साहित्याची. केंद्रीय आयोगाच्या यादीत मराठी साहित्यही आहे आणि उर्दू साहित्यही. घरात उर्दू बोलतो, गझल ऐकतो, म्हणून उर्दू साहित्य टाकणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांतली निम्मी मराठी शाळेत शिकलेली. इथे दोन अडचणी आहेत. एक, साहित्याच्या पेपरची उत्तरं त्या भाषेत लिहावी लागतात, आणि उर्दूसाठी जाहिरातीत लिपी दिली आहे फारसी. बोलता येणं आणि तीन तास त्या लिपीत न थांबता लिहिणं यांत बरंच अंतर आहे. घड्याळ लावून अर्धा तास उर्दूत एक पानभर उत्तर लिहून बघा. हात दुखला, अक्षरं अडखळली, तर दोन पेपर मिळून सहा तास कसे काढाल? ज्यांची शाळा उर्दू माध्यमाची आहे, त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी हा विषय खरोखरच आपला असू शकतो. भारतीय भाषेच्या पात्रता पेपरलाही हीच कसोटी लावा. तिथे मराठी किंवा उर्दू, दोन्ही घेता येतात. ज्या लिपीत हात चालतो ती घ्या. त्या पेपरात २५ टक्के मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरचे गुण धरलेच जात नाहीत.

दुसरी अडचण फारशी कुणी बोलत नाही. राज्यसेवेच्या यादीत २६ विषय आहेत आणि त्यात साहित्य फक्त मराठीचं आहे. आपल्याकडची बहुतेक मुलं केंद्र आणि राज्य दोन्ही परीक्षा देतात, देणं शहाणपणाचंही आहे. केंद्रात उर्दू साहित्य घेतलं, तर राज्यात दुसरा विषय शोधावा लागेल, म्हणजे ५०० गुणांची तयारी दोनदा. दोन्ही परीक्षा द्यायच्या असतील तर विषय दोन्ही याद्यांत असलेला घ्या. इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, लोकप्रशासन, मराठी साहित्य, अभियांत्रिकीच्या तीन शाखा, हे सगळे दोन्हीकडे आहेत. तरी नाव सारखं म्हणून अभ्यासक्रम ओळीने ओळ सारखा असेल असं धरू नका. दोन्ही समोरासमोर ठेवून वाचा.

अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या पदवीधरांसाठी आणखी एक रकाना आहे, तो निसटला तर परत येत नाही. भारतीय वन सेवेची पूर्वपरीक्षा वेगळी होत नाही, नागरी सेवेची पूर्वपरीक्षाच चाळणी म्हणून वापरतात. म्हणून वन सेवा हवी असेल तर पहिल्याच अर्जात तसं नोंदवावं लागतं. वन सेवेच्या मुख्य परीक्षेत वैकल्पिक विषय दोन असतात, आणि काही जोड्या चालत नाहीत. गणित घेतलं तर संख्याशास्त्र नाही. रसायनशास्त्रासोबत रासायनिक अभियांत्रिकी नाही. कृषीसोबत वनशास्त्र नाही. अभियांत्रिकीचा एकापेक्षा जास्त विषय नाही. मी शिकलो ते बघून मलाही वाटायचं की दोन अभियांत्रिकी विषय घेऊन मोकळं व्हावं. तो रस्ता बंद आहे.

आता आयोगांकडे एक मागणी, आणि ती मी विचार करूनच लिहितो आहे. विषय पहिल्या अर्जात विचारूच नये. पूर्वपरीक्षेत त्याचा काही उपयोग नाही, सगळ्यांना पेपर तेच. २०२५ च्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेतून मुख्य परीक्षेसाठी १४,१६१ जण पात्र ठरले. प्रश्नपत्रिका छापायच्या आहेत त्या या चौदा हजारांसाठी, पूर्वपरीक्षेला अर्ज केलेल्या लाखोंसाठी नव्हे. विषयवार अंदाज आधी लागतो, हे कारण मला पटत नाही. वर्षानुवर्षांची आकडेवारी आयोगाकडेच आहे. राज्यसेवेत तर ही पद्धत नवी आहे, आणि पहिल्या काही वर्षांत मुलं चुकीचा विषय टाकणार हे उघड आहे. मुख्यच्या अर्जाची मुदत संपेपर्यंत विषय बदलू द्यावा. ती मुदत संपल्यावर दार बंद करावं, त्याला माझी हरकत नाही, कारण त्यापुढे खरोखरच पाकिटं बंद व्हायची असतात.

दुसरी गोष्ट पडद्यावरची आहे. विषय निवडल्यावर सबमिट करण्याआधी एक स्वतंत्र पान यावं: तुम्ही निवडलेला विषय अमुक, तो अमुक तारखेनंतर बदलणार नाही. आणि तेच मोबाईलवर संदेश म्हणून यावं. रिचार्ज केला तरी आपल्याला संदेश येतो. ५०० गुणांच्या निवडीचा यायला काय हरकत आहे? कॅफेत बसलेल्या मुलाला घरी जाताना तो संदेश दिसेल, आणि दुरुस्तीची खिडकी उघडी असेल तर दुसऱ्या दिवशी तो परत जाईल.

तोपर्यंत कॅफेत जायचं असेल तर विषय कागदावर लिहून न्या. पासवर्ड आणि नोंदणीचा ईमेल स्वतःचाच ठेवा, कॅफेवाल्याचा नको, नाहीतर दुरुस्तीची खिडकी उघडली तरी तुम्हाला आत जाता येणार नाही. सबमिट करण्याआधीची प्रिंट घ्या, बाहेर येऊन उजेडात वाचा, मग आत जाऊन सबमिट करा. रांगेतले लोक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

त्या मुलाने साठ दिवस भूगोल वाचला. दुसऱ्या पेपरातला भारताचा भाग त्याला बरा जमला, पहिल्या पेपरात अडखळला. सगळे पेपर दिले, एकही चुकवला नाही. मुख्य परीक्षेत नाव आलं नाही. पूर्वपरीक्षेत बसला होता म्हणून तो प्रयत्न मोजला गेला. तो ओबीसीत येतो, नऊ प्रयत्न आहेत, त्यातले आठ उरले. खुल्या गटात असता तर सहातले पाच. पुढच्या परीक्षेत विषय नव्याने निवडता येतो, मागच्या वर्षीचा विषय तिथे आडवा येत नाही. यावेळी जाहिरात येण्याआधी त्याने इतिहासाचे दोन्ही पेपर घड्याळ लावून सोडवले, दोन रविवार लागले. अर्ज भरायला मात्र तो परत त्याच कॅफेत गेला, कारण दुसरं कॅफे लांब आहे. कॅफेवाल्याने यादी उघडली आणि विचारलं, "भूगोलच ना?"

"नाही," तो म्हणाला, "मला माउस द्या."